हँड शॉवरचा पाइप पिळतो, चिरतो, नटापाशी गळतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हँड शॉवरच्या पाइपचं दुखणं बहुतेक वेळा दोन टोकांच्या चार बोटांतच असतं, मधला पाइप बिचारा वर्षानुवर्षं ठणठणीत असतो. म्हणून इथले बरेच प्रश्नही त्या चार बोटांचेच आहेत.

नटापाशी पाणी गळतंय. पाइपच बदलायचा का?

लगेच नको. आधी पाणी नेमकं कुठून निघतंय ते बघा, कारण जिथे थेंब लटकतो तिथेच गळती असेल असं अजिबात नाही. वर हँडसेटच्या नटातून गळणारं पाणी पाइपवरून घरंगळत खाली येतं आणि खालच्या नटावर जमतं, आणि आपण खालचा नट पिळत बसतो. पाइप, दोन्ही नट, हँडसेट सगळं फडक्यानं कोरडं करा, दोन्ही नटांच्या वर आणि खाली कोरडा टिश्यू गुंडाळा, शॉवर अर्धा मिनिट चालवा आणि कोणता टिश्यू आधी भिजतो ते बघा.

पाणी नट आणि आउटलेटच्या फटीतून, म्हणजे आट्यांतून येत असेल तर दोष वॉशरचा, पाइप चांगला आहे. पाणी पाइपच्या स्टीलच्या वेढ्यांमधून किंवा टोकाच्या धातूच्या टोपीखालून येत असेल तर आतली नळी गेली, पाइप बदला. फसवं ठिकाण तिसरं: नट आणि पाइप जिथे भेटतात ती फट. बरेच जण इथे पाणी दिसलं की पाइप फेकतात. पण नट पाइपच्या टोकावर सैल फिरणारी टोपी असते, त्यामुळे वॉशरच्या कडेनं निसटलेलं पाणी आट्यांतून वर जायच्या ऐवजी नटाच्या पोटातून खालीही उतरू शकतं.

अशा वेळी मी एक करतो. शॉवर चालू ठेवून नट हातानं किंचित आवळायचा, गळती कमी झाली तर वॉशर. मग नटाला हात न लावता पाइप टोकाजवळ हळूच इकडे तिकडे वाकवायचा, गळती कमीजास्त झाली तर आतली नळी. पाणी कोमटच ठेवा, आतली नळी फाटलेली असली तर धार कुठेही उडते.

वॉशर कोणता घ्यायचा? कुठेही मिळतो तो चालतो का?

नेहमीच्या अर्धा इंची नटात साधारण १८ ते १९ मिमी बाहेरच्या व्यासाचा, २ ते ३ मिमी जाडीचा रबरी वॉशर बसतो. सोबत जुना घेऊन गेलात तर उत्तम, पण जुना दबून पसरलेला असतो म्हणून त्याच्या जाडीवर जाऊ नका, व्यास बघा. वॉशर नटात टाकल्यावर सपाट बसला पाहिजे आणि उलटं केल्यावर लगेच पडता कामा नये. मधलं भोकही बघा, फार लहान असेल तर धार कमी होते.

जुना वॉशर कडक झालाय का हे नखानं कळतं. चांगल्या रबरात नख रुततं, खूण उमटते आणि जाते. मेलेला वॉशर प्लास्टिकसारखा टकटक वाजतो आणि त्याच्यावर आउटलेटच्या कडेची गोल चर कायमची पडलेली असते.

आणि हो, नवीन टाकण्याआधी नटात आणि आउटलेटच्या तोंडावर बोट फिरवून बघा. जुना वॉशर पुष्कळदा आउटलेटलाच चिकटून राहतो, काळा असतो, ओला असतो, दिसतच नाही. त्याच्यावर दुसरा बसवला की दोन वॉशर एकमेकांवर घसरतात, नटाला पकडायला आटे कमी उरतात आणि मग कितीही आवळा, ठिबकतच राहतं.

टेफ्लॉन टेपचे दहा वेढे दिले तरी गळतंय, असं कसं?

कारण इथे पाणी आटे अडवत नाहीत, वॉशर अडवतो. नटाचं काम एवढंच की पाइपचं टोक आउटलेटच्या तोंडावर दाबून धरायचं. टेप जाड झाली की नट अर्ध्या रस्त्यातच घट्ट लागतो, आपल्याला वाटतं छान आवळला, आणि आत वॉशर दाबलेलाच नसतो. म्हणजे टेपमुळेच गळतं! वर प्लास्टिकचा नट असेल तर आतून ताण येऊन तो चिरतो.

टेपची जागा वेगळी आहे. भिंतीतून एखादा एल्बो बाहेर येतो आणि त्यावर पाइप बसतो, त्या एल्बोचे भिंतीकडचे आटे टेपनं बंद करतात. पाइपच्या नटावर टेप नको.

पाइपला सारखा पीळ पडतो. दर चार दिवसांनी सोडवतो, परत तेच. का?

नट आवळल्यावर पाइपची दोन्ही टोकं जागच्या जागी बांधली जातात. आता अंघोळ करताना हँडसेट आपण हातात फिरवतो, पाठीमागे नेतो, दुसऱ्या हातात घेतो, परत अडकवतो, आणि सवय अशी असते की प्रत्येक वेळी साधारण एकाच दिशेनं फिरतो. एका अंघोळीत अर्धा पीळ जरी राहिला तरी महिन्याभरात पंधरा. पाइपला तो कुठेतरी मावायला हवा, मग तो वेटोळं करतो, हँडसेट आपोआप भिंतीकडे तोंड करून बसतो, आणि सगळा ताण टोकाशी जातो.

तात्पुरता उपाय: वरचा नट सोडवून हँडसेट काढा, पाइप मोकळा लोंबू द्या, तो स्वतःच गर्रकन उलटा फिरेल. मग थेट नट लावा. हँडसेट जोडलेला ठेवून हातानं पीळ काढण्यात नुसता वेळ जातो.

कायमचा उपाय म्हणजे फिरत्या टोकाचा पाइप, त्याला पाकिटावर स्विव्हल किंवा अँटी ट्विस्ट असं लिहिलेलं असतं. यात नट आवळल्यावरसुद्धा पाइप नटाच्या आत गोल फिरतो. घेताना तपासायचं असेल तर एका हातात नट घट्ट धरा आणि दुसऱ्या हातानं पाइप फिरवा. पण नुसता सैल नट कोणत्याही पाइपवर फिरतो, आणि दुकानात तोच फिरवून बघून लोक फसतात! खऱ्या फिरत्या टोकात नट दोन तुकड्यांचा असतो, आट्यांचा भाग धरून ठेवला तरी मागचा भाग गरगर फिरतो. आणि हे टोक हँडसेटच्या बाजूला लागतं, कारण पीळ तिथून येतो.

दोन नट वेगवेगळ्या आकाराचे आहेत, कोणता कुठे?

एक निमुळता, शंकूसारखा असतो, तो हँडसेटला. भिंतीवरच्या खुंटीत, म्हणजे होल्डरमध्ये बसतो तो हाच. दुसरा षटकोनी किंवा कंगोरे असलेला, तो मिक्सरच्या आउटलेटला, कारण तिथे पाना लागतो. दोन्हीचे आटे बहुतेक सारखेच असल्यानं उलटा पाइपही आरामात बसतो, पाणीही येतं, फक्त हँडसेट होल्डरमध्ये नीट टेकत नाही आणि फिरतं टोक नको त्या बाजूला जातं. आमच्याकडे एका सुट्टीच्या दिवशी घाईत असाच उलटा बसला होता आणि दोन महिने सगळे होल्डरला शिव्या देत होते.

चीर नेहमी टोकापाशीच का पडते?

पाइप आतून कसा असतो ते एकदा बघितलं की कळतं. जुना फेकायच्या आधी एकदा कापून बघाच, मजा येते. बाहेरचा चकचकीत स्टीलचा वेढा पाणी अडवतच नाही, तो नुसता चिलखतासारखा. पाणी वाहतं आतल्या रबराच्या किंवा प्लास्टिकच्या बारीक नळीतून. ही नळी दोन्ही टोकांना एका खाचांच्या पितळी किंवा प्लास्टिकच्या निपलवर चढवलेली असते आणि वरून धातूची टोपी दाबून ती पकडलेली असते.

आता निपल कडक, नळी मऊ. पाइप वाकला की मधल्या भागात वाक पसरतो, पण निपल जिथे संपतो तिथे एकाच रेषेवर सगळं वाकतं. रोज तेच. त्यात पीळ, त्यात गरम पाणी, त्यात पाइप आखूड असल्यानं येणारी ओढ. नळी तिथेच चिरते किंवा निपलवरून इंचभर सरकते. लांबणारा स्टीलचा पाइप असतो ना, ओढला की वाढणारा, त्यात बाहेरचा वेढा वाढतो आणि आतल्या नळीलाही तितकं ताणावं लागतं, म्हणून तो कायम ताणून वापरू नये.

चिरलेल्या जागी टेप, सीलंट, क्लिप, काहीतरी लावून चालेल?

स्टीलच्या पाइपवर बाहेरून काहीही लावणं व्यर्थ, गळती आत आहे, पाणी पुढच्या वेढ्यातून निघेल. गुळगुळीत पीव्हीसी पाइपला चीर असेल तर स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप पूर्ण कोरड्या पाइपवर ताणून गुंडाळली तर दोनतीन दिवस निभावतं, नवीन पाइप आणेपर्यंत. त्याच्यापुढे नाही. नट चिरला असेल तर त्याला गोंद लावूच नका, दाब आल्यावर तो उडतो.

हँडसेटच्या बटणानं पाणी बंद करतो, नळ चालूच ठेवतो. याचा पाइपशी संबंध आहे का?

आहे, आणि हे कोणी सांगत नाही! साध्या वापरात शॉवरच्या पाइपचं पुढचं तोंड उघडं असतं, म्हणून आत दाब थोडाच. हँडसेटवर पाणी अडवलं की टाकीचा किंवा पंपाचा पूर्ण दाब पाइपच्या त्या दोन निपलवर येऊन उभा राहतो. साबण लावायच्या दोन मिनिटांपुरतं ठीक, पण रात्रभर असाच ठेवला तर टोक सुटण्याची शक्यता खूप वाढते, आणि सुटलं तर बाथरूममध्ये पाणी वाहत राहतं, कारण नळ उघडाच असतो. काही हँडसेटचं बटण म्हणूनच मुद्दाम पाणी पूर्ण अडवत नाही, बारीक धार सोडतं. तो दोष नाही.

अजून एक. मिक्सरचे गरम आणि थंड दोन्ही उघडे आणि पुढे बटण बंद, अशा वेळी ज्या बाजूचा दाब जास्त ते पाणी दुसऱ्या लाइनीत घुसू शकतं. आणि ज्या हीटरचं तोंड कायम उघडं ठेवायचं असं लिहिलेलं असतं त्याच्यापुढे असं बंद होणारं हँडसेट लावू नका, टाकीत दाब साठतो. जेट स्प्रेचा पाइप मात्र वेगळा, त्याच्या टोकाला खटका असतो आणि तो दाब धरायलाच केलेला असतो, म्हणून शॉवरचा साधा पाइप तिथे लावून काटकसर करू नका.

नवीन घेताना आट्यांचं माप कसं ओळखायचं?

बहुतेक शॉवरचे दोन्ही टोकांचे आटे अर्धा इंची असतात. गंमत म्हणजे अर्धा इंच मोजून कुठेच सापडत नाही, आउटलेटचे बाहेरचे आटे पट्टीनं मोजले तर साधारण २१ मिमी भरतात, आणि तेच अर्धा इंची. २६ मिमीच्या आसपास असेल तर पाऊण इंची, १६ ते १७ मिमी असेल तर तीन अष्टमांश इंची. या दोघांसाठी अर्ध्या इंचीत आणणारा अॅडॅप्टर मिळतो. त्यालाही दोन्ही बाजूंना वॉशर लागतो हे विसरू नका.

सिंकच्या नळातून ओढून बाहेर येणारा जो स्प्रे असतो त्याचे आटे मात्र वेगळेच असतात, त्याला शॉवरचा पाइप बसत नाही. जुना पाइप सोबत घेऊन जा, सगळ्यात सोपं.

लांबी किती घ्यायची? मोठा घेतलेला बरा ना?

थोडा मोठा बरा, फार मोठा नको. दुकानात साधारण १.२५, १.५, १.७५ आणि २ मीटर अशा लांब्या मिळतात. एक उदाहरण करून बघू. मिक्सरचं आउटलेट जमिनीपासून ७० सेंमीवर, तोंड खाली. होल्डर १९० सेंमीवर. सरळ अंतर १२० सेंमी, म्हणून लोक १.२५ चा पाइप आणतात. पण पाइप आधी खाली उतरतो, वळसा घेतो आणि मग वर जातो. ५ सेंमी जास्तीच्या पाइपमध्ये वळसा होतच नाही, तो आउटलेटच्या नटाखालीच मुडपतो, आणि वर सांगितलं तसं नळी तिथेच जाते. १.५ मीटरमध्ये ३० सेंमी सुटतात, वळसा बसतो पण घट्ट, हातात घेतल्यावर ओढ लागते. १.७५ मध्ये ५५ सेंमी, म्हणजे वळसा आउटलेटच्या खाली वीसपंचवीस सेंमीवर सैलसर लोंबतो आणि जमिनीला लागत नाही. इथे हाच बरोबर.

२ मीटरचा घेतला तर होल्डरवर ठेवल्यावर ठीकच दिसतो, पण हँडसेट खाली बादलीजवळ धरला की वेटोळी जमिनीवर पडतात, पायात येतात. हां, बसून अंघोळ घालायची असेल किंवा आउटलेट एका कोपऱ्यात आणि बसायची जागा दुसऱ्या कोपऱ्यात असेल तर २ मीटरच घ्या. शंका असेल तर दोरी घ्या, आउटलेटला बांधा, पाइप जसा लोंबायला हवा तशी लोंबवून होल्डरपर्यंत न्या, मग सगळ्यात लांब जिथे हँडसेट न्यायचाय तिथपर्यंत न्या, जी लांबी जास्त निघेल ती.

स्टीलचा चांगला की प्लास्टिकचा?

माझं मत विचाराल तर गुळगुळीत, आत धाग्यांची जाळी असलेला पीव्हीसी. क्षार बसले तरी एका हातानं पुसले जातात, स्टीलच्या वेढ्यात काळं साचतं ते ब्रशनंही निघत नाही, शिवाय त्यात केस आणि कातडी चिमटते. पीव्हीसीचा वाईट गुण हा की फार गरम पाण्यानं मऊ पडतो आणि मुडपला तर तिथे खूण राहते, म्हणून पाकिटावर किती तापमानापर्यंत चालतो ते बघा. स्टील घ्यायचाच तर दुहेरी वेढ्याचा घ्या, तो ओढल्यावर सहज लांबत नाही. पण खरं सांगू, बाहेरच्या चकाकीपेक्षा नट पितळी आहे का आणि टोक फिरतं का हे दोन प्रश्न जास्त महत्त्वाचे. नट हातात घेऊन बघा, पितळी जड आणि गार लागतो, क्रोम मारलेला प्लास्टिकचा हलका.

जुना नट हलतच नाही. काय करू?

आधी दिशा तपासा. आउटलेट खाली तोंड करून असतं, आणि वरून बघितलं की आपली दिशा उलटी होते, म्हणून निम्मे लोक सोडवायच्या ऐवजी आवळत असतात. वाकून, पाइपच्या बाजूनं, म्हणजे खालून वर बघा, आणि नट घड्याळाच्या उलट फिरवा.

तरी नाही निघाला तर क्षारानं धरलाय. पांढरं व्हिनेगर कापडात भिजवून नटाभोवती अर्धा तास बांधून ठेवा, मग गरम पाणी ओता. तास तास ठेवू नका, क्रोम खराब होतो. मग पाना लावा, पक्कड नको, पक्कडीनं नटाचे कोपरे गोल होतात. आणि सर्वांत महत्त्वाचं, दुसऱ्या पान्यानं किंवा हातानं आउटलेटचा निपल धरून ठेवा. नाहीतर पाइपच्या नटाऐवजी तो निपलच मिक्सरमधून सुटून येतो, मग साध्या कामाचं प्लंबरचं काम होतं.

बसवायची पद्धत सांगा, पूर्ण.

नळ बंद. शॉवरचा पाइप नळाच्या पुढे असतो, म्हणून मेन बंद करायची गरज नसते, फक्त मिक्सर ठिबकत असेल तर करा. बाथरूमच्या जाळीवर कापड टाका, वॉशर त्यातच जायला टपलेला असतो.

जुना पाइप काढून आउटलेटचे आटे जुन्या टूथब्रशनं घासा, तोंडाची कड पुसा, जुना वॉशर शोधून काढा. मिक्सर क्षणभर उघडून थोडं पाणी सोडा, आत अडकलेली खर बाहेर पडते. आउटलेटमध्ये किंवा जुन्या नटात प्लास्टिकचं छोटंसं बोंड दिसलं तर फेकू नका, ती पाणी उलटं येऊ न देणारी झडप असते, तिच्यावरचा बाण पाणी जायच्या दिशेला ठेवून परत बसवायची.

आता षटकोनी नटात वॉशर सपाट बसवा आणि नट आउटलेटवर नुसत्या बोटांनी फिरवा. पहिले दोन फेरे अगदी सहज जायला हवेत. सुरुवातीलाच अडलं तर आटे तिरके बसलेत, पुढे जाऊ नका, काढा. आधी थोडं उलटं फिरवायचं, आटे एकमेकांत पडल्याची बारीक टक् लागते, मग सुलटं. हातानं जितका जाईल तितका आवळा. पितळी नटाला मग नटावर कापड गुंडाळून पान्यानं फार तर पाव फेरा. प्लास्टिकच्या नटाला पाना नाहीच. नट आवळताना दुसऱ्या हातानं पाइप धरून ठेवा, नाहीतर पाइपही सोबत फिरतो आणि पहिल्याच दिवशी त्यात पीळ भरला जातो.

मग हँडसेट: निमुळत्या नटात वॉशर टाका, हँडसेटसोबत जाळी असेल तर ती याच टोकाला, पाइप सरळ लोंबतोय ना बघा, आणि हातानंच आवळा. हँडसेटचं शेपूट प्लास्टिकचं असतं, जोर लावलात तर नवीन हँडसेट आणायला लागेल. पाणी आधी थंड सोडा, टिश्यू लावून बघा, मग गरम सोडून परत बघा, कारण गरम पाण्यानं वॉशर मऊ होऊन बसतो आणि एखादा थेंब तेव्हाच दिसतो. दिसला तर अजून थोडं हातानं, बस.

नवीन पाइप लावला आणि धार कमी झाली.

पाइप मुडपलाय का बघा, मग वॉशर पोटात दुमडून भोकावर आलाय का, मग जाळीत खर अडकलीय का. हे तिन्ही नसेल तर पाइपची आतली नळीच बारीक आहे. गच्चीवरच्या टाकीचा दाब कमी असेल तिथे हे लगेच जाणवतं, म्हणून अशा ठिकाणी दोन पाइपांची तोंडं शेजारी धरा आणि मोठ्या भोकाचा घ्या.

शॉवर बंद केल्यावर हँडसेटमधून ठिबकतं, पाइप परत गेला का?

पाइपचा यात हात नाही. हँडसेटमध्ये आणि पाइपच्या वळशात पाणी उरलेलं असतं, ते काही मिनिटं ठिबकतं आणि थांबतं. हँडसेट काढून खाली धरा, रिकामं होईल. तासाभरानंही ठिबकत असेल तर मिक्सरच्या आतलं कार्ट्रिज किंवा वॉशर गेलंय, पाइप कितीही बदला ते थांबणार नाही.